कापलेला स्क्रीनशॉट कसा वाचायचा?

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिवसभर लोकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट येतात. खाली एकच ओळ असते, 'ताई, होऊन नाही राह्यलं, पाहा न जी.' फोटो इतका कापलेला असतो की कोणतं अ‍ॅप, कोणतं पान, काहीच कळत नाही. फोन लावावा तर माणूस वावरात असतो, तिथे रेंज नसते. उरलेल्या तुकड्यावरून त्याला नेमकं काय पाहिजे हे ओळखता येतं का? की प्रत्येकाला 'पूर्ण फोटो पाठवा' असंच म्हणत राहायचं?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, बरंच ओळखता येतं. सुरुवात फोटोतल्या मजकुरापासून करू नका, त्याच्या कडांपासून करा. माणूस स्क्रीनशॉट कापतो तेव्हा त्याला जी अडचण वाटते ती तो मधोमध ठेवतो आणि बाकीचं फालतू समजून काढून टाकतो. लाल अक्षरांतली चूक ठेवतो, तिच्या वरचा रकाना कापतो. अडचणीचं कारण पुष्कळदा त्या कापलेल्या पट्टीत असतं, कारण ते कारण आहे असं त्याला वाटलेलंच नसतं. त्यामुळे फोटो उघडल्यावर आधी चारही कडा बघा. कुठे अक्षरं अर्धी कापली आहेत, कुठे एखाद्या चौकटीची फक्त खालची रेघ उरली आहे, वरची वेळेची पट्टी राहिली आहे की गेली आहे, हे पाहा. कापताना माणसाचं लक्ष मधल्या मजकुरावर असतं, म्हणून कडेला जे राहून जातं ते न ठरवता राहिलेलं असतं. तुम्हाला उपयोग त्याचाच.

तुमच्याकडे येऊ शकेल असं एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू. उदाहरण मी रचलं आहे, पण त्यातली गावं, तालुके आणि कागद खरे आहेत.

ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, 'ताई, गावच दिसून नाही राह्यलं.' फोटो लॅपटॉपवरचा आहे, कारण आडवा आहे आणि वरच्या कडेला ब्राउझरच्या टॅबची ओळ राहिली आहे. मधे एका पानाचा तुकडा आहे. त्यात 'तालुका' या रकान्यात 'कारंजा' निवडलेलं आहे आणि त्यापुढे गावांची यादी उघडलेली आहे. यादीत क अक्षराची गावं दिसतात आणि त्यांत 'कामरगाव' हे नाव स्पष्ट वाचता येतं. जिल्ह्याचा रकाना कापला गेला आहे. खालची घड्याळाची पट्टीही गेली आहे. टॅबच्या ओळीत डावीकडून उजवीकडे पाच टॅब आहेत : जीमेल, मग 'The Cotton Cor…', मग भूलेखाचा उघडा टॅब, मग युट्यूबचा '7/12 कसा का…' आणि शेवटी गुगलचा 'karanja talu…'.

आता यादी बघा. गावांची यादी उघडली की ती पहिल्या अक्षरापासून सुरू होते. इथे ती क वर थांबलेली आहे, म्हणजे माणसाने ती तिथवर सरकवली. त्याचं गाव क ने सुरू होतं, हे त्याने न सांगता कळलं. तुमच्या तालुक्यात क चं ठळक गाव म्हणजे कन्नमवारग्राम. ते त्या यादीत नाही, आणि आहे ते कामरगाव. तुम्ही कारंज्यात राहता, त्यामुळे कामरगाव तुमच्या तालुक्यात नाही हे तुम्हाला लगेच खटकेल. ते वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) तालुक्यात आहे. माणसाने वाशिम जिल्हा निवडला आणि तालुक्याच्या यादीत 'कारंजा' दिसलं म्हणून बिनधास्त पुढे गेला. त्याला वाटतं आहे की संकेतस्थळावरून त्याचं गाव गेलं. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच जिल्ह्यात आपलं गाव शोधतो आहे.

वर्धा जिल्ह्यात ही चूक वारंवार होण्याजोगी आहे. जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी तीन तालुक्यांना महाराष्ट्रातच नावाचे जोडीदार आहेत. कारंजा वाशिममध्येही आहे, आष्टी बीडमध्येही आहे आणि सेलू परभणीतही आहे. गावाचा माणूस 'कारंजा' म्हटलं की घाडग्यांचंच कारंजा समजतो, दुसरं असेल हे त्याच्या डोक्यात येत नाही. पुण्यात वाढलेल्या त्याच्या पुतण्याला तर आपला तालुका कोणत्या जिल्ह्यात येतो याचीच खात्री नसते. म्हणून ज्या स्क्रीनशॉटमध्ये तालुक्याच्या जागी या तीनपैकी एखादं नाव असेल आणि जिल्हा दिसत नसेल, तिथे पहिला संशय जिल्ह्यावर घ्या. देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी या नावांबाबत मी इतक्या घाईने हा संशय घेणार नाही.

आता टॅब बघू. क्रोममध्ये टॅबचा क्रम बऱ्याच वेळा घटनांचा क्रम सांगतो. माणूस स्वतः नवा टॅब उघडतो तेव्हा तो ओळीच्या शेवटी, अगदी उजवीकडे लागतो. एखाद्या पानावरच्या दुव्यावरून नवा टॅब उघडला तर तो त्या पानाला चिकटून, त्याच्या लगेच उजवीकडे बसतो. आपल्या उदाहरणात गुगलचा शोध भूलेखाला चिकटलेला नाही, तो टोकाला आहे. म्हणजे तो भूलेखाच्या पानावरून निघालेला नाही, माणसाने मुद्दाम वेगळा उघडलेला आहे. सगळी ओळ एकत्र वाचली तर कथा अशी दिसते : तो आधी कापूस महामंडळाच्या पानावर होता. तिथून सातबारा लागतो हे कळलं, म्हणून भूलेख उघडलं. ते जमेना म्हणून व्हिडिओ पाहिला. मग तालुक्याबद्दल शंका आली म्हणून गुगलवर शोधलं, आणि परत भूलेखावर येऊन फोटो काढला.

शेवटच्या टॅबवरचं अर्धं नाव, 'karanja talu…', ही या फोटोतली सर्वांत बोलकी खूण आहे. आपल्याच तालुक्याबद्दल गुगलला विचारणारा माणूस गावात राहणारा नसण्याची शक्यता जास्त. तो बाहेरगावी आहे, बापाच्या किंवा काकाच्या नावाने काम करतो आहे. जमीन त्याच्या नावावर असेलच असं नाही. हे तुम्हाला पुढे उपयोगी पडेल, कारण ओटीपी कोणाच्या फोनवर येणार, आधार कोणाचं लागणार आणि सही कोणाची हे सगळं त्यावर ठरतं.

आणि दुसरा टॅब त्याची खरी गरज सांगतो. त्याने विचारलं 'गाव दिसत नाही', पण त्याला गाव नको आहे, त्याला कापूस विकायचा आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी सुरू केली. ती १ सप्टेंबर २०२५ पासून होती. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये. नोंदणीसाठी जमिनीचा कागद लागतो आणि त्यावर कापसाचा पेरा दिसावा लागतो. म्हणजे नुसता सातबारा मिळून भागत नाही. सातबाऱ्यात दोन भाग असतात. गाव नमुना सात मालकी दाखवतो, नमुना बारा पिकं दाखवतो. यंदाच्या बाराच्या भागात कापूस नसेल तर त्या माणसाला तुम्ही योग्य गाव काढून दिलंत तरी त्याचं काम अडणार, आणि दोन दिवसांनी दुसरा कापलेला स्क्रीनशॉट येणार.

म्हणून तुमचं उत्तर नुसतं 'जिल्हा वर्धा निवडा' इतकं नको. मी असं लिहीन : 'वरती जिल्ह्याच्या रकान्यात काय निवडलं आहे ते लिहून पाठवा. कापसाच्या नोंदणीसाठी सातबारा हवा असेल तर यंदा ई-पीक पाहणी झाली आहे का, तेही सांगा. भूलेखावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता असतो. कार्यालयीन कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा लागतो, त्याचे पंधरा रुपये.' या चार वाक्यांत त्याने न विचारलेल्या दोन अडचणी सुटतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम बघा. 'तुम्ही वाशिम निवडलं ना?' असं मी विचारलेलं नाही. आपल्याकडचा माणूस केंद्रवाल्या ताईला नाही म्हणायला संकोचतो. 'हो जी, तेच झालं असेल' म्हणतो आणि न बघताच म्हणतो. मग तुमचा तर्क चुकलेला असला तरी तुम्हाला कळत नाही. 'रकान्यात काय लिहिलं आहे' असं विचारलं की त्याला बघावं लागतं, आणि उत्तर 'वर्धा' आलं तर तुमचा तर्क तिथेच पडतो. तर्क जितका हुशारीचा वाटेल तितकी ही काळजी जास्त घ्यावी. स्क्रीनशॉट वाचून उत्तर देऊन टाकायचं नसतं. दहा प्रश्नांऐवजी कोणता एक प्रश्न विचारायचा, ते त्यावरून ठरवायचं असतं.

फोनवरच्या स्क्रीनशॉटचं वाचन थोडं वेगळं. तिथे टॅबची ओळ नसते. मोबाइल क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारी एका छोट्या चौकोनात टॅबची फक्त संख्या असते. आकड्याऐवजी `:D` दिसलं तर शंभर किंवा त्याहून जास्त टॅब उघडे आहेत. अशा माणसाला 'आधी उघडलेलं पान परत उघडा' सांगून फायदा नाही, त्याला ते सापडणार नाही. त्याला नवी लिंकच पाठवा. चौकोन मुळीच नसेल आणि डाव्या कोपऱ्यात फुली असेल, तर ते पान एखाद्या दुसऱ्या अ‍ॅपच्या पोटात उघडलेलं आहे, उदाहरणार्थ गुगलच्या किंवा बातम्यांच्या. तिथे ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये गेला आणि परत आला की पान हरवतं, भरलेलं सगळं जातं. 'सारखं सारखं पहिल्यापासून येऊन राह्यलं' ही तक्रार आणि डाव्या कोपऱ्यातली फुली एकत्र दिसली तर त्याला तीन टिंबांवर जाऊन ते पान क्रोममध्ये उघडायला सांगा.

फोनचा खरा ठेवा म्हणजे वरची पट्टी, आणि तीत सर्वांत आधी वेळ. तुमच्याकडे खरं तर तीन वेळा असतात. पट्टीवरची वेळ म्हणजे फोटो काढल्याची. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटोखाली दिसते ती पाठवल्याची. आणि पानावर कधी कधी स्वतःची वेळ असते, ओटीपी कधी पाठवला, नोंद कधी झाली, अशी. या तिघींमधलं अंतर बघायचं. पट्टीवर सकाळचे सव्वासात आणि फोटो आला दुपारी साडेबाराला, तर माणूस सकाळी वावरात होता, तिथे रेंज नव्हती, किंवा मधल्या वेळात त्याने आणखी दोघांना विचारून पाहिलं. दोन्ही बाबतींत 'आता पुन्हा करून पाहा' सांगण्याआधी तो आत्ता कुठे आहे हे विचारावं लागेल, कारण ई-पीक पाहणीला शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो काढावा लागतो. पानावर ओटीपीची वेळ सहा वाजून दोन मिनिटं आणि पट्टीवर सहा वाजून वीस, तर त्याने जुना ओटीपी टाकला आहे. आधारचा ओटीपी दहाच मिनिटं चालतो.

ई-पीक पाहणीत वेळेला आणखी एक वजन आहे. समजा, कोणी कापसाच्या जागी सोयाबीन नोंदवलं आणि तो स्क्रीनशॉट पाठवला. अ‍ॅपवर केलेली नोंद शेतकऱ्याला स्वतःला ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येते. फोटो परवा रात्रीचा असेल तर घड्याळ संपत आलेलं आहे, आणि अशा माणसाला उद्या केंद्रावर बोलावून चालणार नाही. मुदत उलटून गेली असेल तर त्याला अ‍ॅपमध्ये खटपट करायला लावू नका, सरळ ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे पाठवा. इथे वेळेवरून नुसती माहिती मिळत नाही, आधी कोणाचं काम हाती घ्यायचं तेही ठरतं.

परदेशातून आलेला फोटो ओळखायची एक सोपी खूण आहे. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे बहुतेक देशांशी आपल्या फरकात पूर्ण तासांवर अर्धा तास असतो. पट्टीवर ९:४० आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ७:१० असं काही दिसलं, म्हणजे मिनिटांत बरोबर तीसचा फरक दिसला, तर फोटो बहुधा अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या लेकाने काढलेला आहे. त्याच्याकडे वडिलांचा आधारशी जोडलेला भारतीय नंबर नसतो. पुढचं सगळं काम वडिलांच्या फोनवरूनच होणार, हे त्याला आधीच सांगितलं तर एक हेलपाटा वाचतो.

वेळेच्या शेजारची बारीक चिन्हंही बघा. कित्येक फोनवर डेटाचा वेग दिसतो. तिथे `0.00 KB/s` असेल आणि पानावर गोल चक्र फिरत असेल, तर संकेतस्थळाला दोष देण्याआधी नेट बघायला सांगा. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप गटापासून दूर असल्याचं सांगत असेल आणि पट्टीत जागेची खूण नसेल, तर फोनचं लोकेशन बंद असण्याची शंका घ्या. ती खूण असेल तर मात्र माणूस खरोखरच दुसऱ्या गटात उभा आहे किंवा फोनला आकाश नीट दिसत नाही, असं समजा. बॅटरी चार टक्क्यांवर असेल तर लांब उत्तर लिहू नका, तेवढ्यात फोन बंद पडतो.

फोटोच्या बाहेरही एक खूण असते. वर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं असेल तर अडचण पाठवणाऱ्याची नाहीच. ती त्याच्या भावाची, शेजाऱ्याची किंवा गावच्या ग्रुपवरच्या कोणाची तरी आहे. तिथे पहिला प्रश्न एकच, 'हा फोटो कोणाच्या फोनवरचा आहे?'

आता अ‍ॅपचं नाव. तुम्ही लिहिलं आहे की कोणतं अ‍ॅप तेच कळत नाही. याला एक उपाय आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. स्क्रीनशॉट काढताना फोन फाइलला जे नाव देतो त्यात तारीख आणि वेळ असते, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये अ‍ॅपचं नावही असतं. सॅमसंगच्या फोनवर ते साधारण असं दिसतं :

```
Screenshot_20251018_191204_Chrome.jpg
```

शाओमीच्या फोनवर शेवटी अ‍ॅपचं आतलं नाव येतं, जसं `com.android.chrome`. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की हे नाव जातं, आणि तुमच्या फोनवर तो `IMG-20251018-WA0007.jpg` अशा नावाने उतरतो. त्यातली तारीख तुम्हाला मिळाल्याची असते, काढल्याची नसते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे टॅबवरची बारीक अक्षरं पुसट होतात. म्हणून नेहमीच्या लोकांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला शिकवा. जोडणीच्या खुणेवर दाबून गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडायचं, इतकंच. नाव टिकतं आणि अक्षरंही स्पष्ट राहतात. 'पूर्ण फोटो पाठवा' म्हणण्यापेक्षा हे सांगणं मला बरं वाटतं, कारण माणसाने काही कापलं असेल तर ते त्याच्या मर्जीने कापलेलं राहतं.

इथे मात्र एक सावधगिरी आहे. मार्च २०२३ मध्ये असं उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये कापलेला भाग मागे राहत होता आणि तो परत काढता येत होता. सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोघांनी तो दोष शोधला. पुढे विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्हींची दुरुस्ती आली, पण त्याआधी कापलेल्या फाइली अजून लोकांच्या गॅलरीत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना फाइल नव्याने तयार होते, तेव्हा तो मागचा भाग टिकत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली मात्र जशीच्या तशी येते. म्हणून आधार क्रमांक किंवा बँक खातं असलेला जुना, कापलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवू नका. तो नव्याने काढून पाठवायला सांगा.

हे सगळं करताना तर्क कुठे फसतो तेही लक्षात ठेवा. क्रोम बंद करून उघडलं की जुने टॅब परत येऊ शकतात, त्यामुळे कापूस महामंडळाचा टॅब मागच्या महिन्याचाही असू शकतो. नेट कॅफेच्या संगणकावरचे टॅब आधीच्या गिऱ्हाइकाचे असतात. टॅब हाताने ओढून पुढे-मागेही करता येतात. घरात एकच फोन असेल तर वरच्या पट्टीतली मेसेजची खूण मुलीच्या कॉलेजची असते आणि अडचण आईच्या अनुदानाची. मी एका खुणेवर कधीच पुढे जात नाही. आपल्या उदाहरणात कामरगाव आणि गुगलचा शोध, या दोन वेगळ्या जागच्या खुणा एकच गोष्ट सांगत होत्या, म्हणून जिल्ह्याचा तर्क धरला. कापसाबद्दल एकच खूण होती, म्हणून तिथे 'हवा असेल तर' असं म्हणून विचारलं.

आणि दिसलेलं सगळं बोलून दाखवायचं नसतं. टॅबच्या ओळीत कधी बँकेच्या कर्जाची नोटीस दिसेल, कधी दवाखान्याच्या तपासणीचा रिपोर्ट, कधी लग्नाच्या स्थळांचं पान. ज्याच्यासाठी त्याने विचारलं आहे त्याच्याशी त्याचा संबंध नसेल तर तुम्ही ते वाचलंच नाही असं वागा. कापसाचा टॅब आपण बोलून दाखवला तो त्याच्या कामाशी जोडलेला होता म्हणून. तेव्हाही 'तुमच्या टॅबमध्ये दिसलं' असं लिहिलं नाही, साधा प्रश्न विचारला. लहान तालुक्यात लोक केंद्रावर विश्वासाने आपलं आधार आणि पासबुक देतात. आपली स्क्रीन कोणी बारकाईने वाचतं हे त्यांना कळलं, तर उद्यापासून ते फोटो आणखी कापून पाठवतील.

शेवटी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पूर्ण फोटो कधी मागायचा? पैशांचा व्यवहार असेल, म्हणजे रक्कम गेली पण पावती आली नाही, तर तर्क करत बसू नका, त्या व्यवहाराचा क्रमांक लिहून मागा. स्क्रीनशॉटवरून पैसे गेले की नाही हे ठरत नाही. मुदत संपायला आली असेल, कोणत्याही दोन खुणा जुळत नसतील, किंवा चुकीच्या उत्तराने अर्जच बाद होणार असेल, तेव्हाही पूर्ण फोटो मागा. पण मागताना काय हवं ते नेमकं सांगा. 'जिल्ह्याचा रकाना दिसेल असा फोटो' म्हटलं तर माणूस तो रकाना शोधतो, आणि शोधताना अनेकदा आपली चूक त्याला स्वतःलाच सापडते.